कॅफेच्या मॅनेजरला पत्र लिहायचंय: ऑर्डर चुकली, कॉफी कोमट, बदलून हवी. मसुदा बघता का?

शेवंती_कर्वेरोड

नमस्कार मंडळी. विषय छोटा आहे पण माझ्या डोक्यात अडकून बसलाय म्हणून धागा काढते.

घराजवळच्या एका कॅफेतून शनिवारी संध्याकाळी फोनवर ऑर्डर दिली, दोन कॅपुचिनो आणि एक व्हेज ग्रिल्ड सँडविच, कांदा-लसूण नको (सासूबाईंचा चातुर्मास). कॅफे दोन गल्ल्या सोडून, त्यांचाच मुलगा स्कूटरवर पार्सल आणून देतो, मधे कुठलं ॲप नाही. बिल व्हॉट्सॲपवर आलं, पैसे मी तेव्हाच भरले. पार्सल बऱ्याच उशिराने आलं. सँडविच बरोबर होतं आणि छान गरम होतं. कॉफी मात्र दोन्ही कोमट, आणि सासऱ्यांच्या कपात काहीतरी गोड दुधाळ वेगळंच. त्यांना शुगर आहे, दोन घोटांत त्यांनी कप खाली ठेवला.

लगेच फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला मॅनेजर सर आज नाहीत, तुम्ही मेल टाका, बिलावर आयडी आहे. आता मला भांडायचं नाहीये, कॅफे चांगला आहे, आम्ही नेहमी मागवतो. फक्त कॉफी बदलून द्या एवढंच म्हणायचंय. पण लिहायला बसले तर हे असं झालं:

*प्रति, मा. व्यवस्थापक साहेब,*
*विषय: सदोष व थंड पेयपदार्थ पुरविल्याबाबत तक्रार.*
*महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात अत्यंत खेद होतो की, आपल्या सुप्रसिद्ध उपाहारगृहातून दि. शनिवार रोजी मागविलेले पेय हे अत्यंत निकृष्ट अवस्थेत प्राप्त झाले असून आपल्या कर्मचाऱ्यांच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे आमच्या कुटुंबास मनस्ताप सहन करावा लागला. तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा...*

नवरा म्हणतोय हे वाचून मॅनेजर आधी वकील शोधेल. सुचवा काहीतरी.

नुसता_वाचक

"कळावे, लोभ असावा" कॅफेच्या मॅनेजरला 😂 लोभ आहेच त्याचा, ६०० रुपये घेतलेत की.

सुनंदा काकू

शेवंती, पत्राचा साचा बरोबर आहे. उजव्या कोपऱ्यात दिनांक, डावीकडे प्रति, मग विषय, मग महोदय. शेवटी आपली विश्वासू. मी तीस वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं, मागणीपत्र आणि तक्रारपत्र ही दोन वेगळी असतात हे मुलांना सांगून घसा बसायचा. तुझं आहे मागणीपत्र आणि भाषा वापरलीयस तक्रारपत्राची. मुलगा कितवीला आहे? शाळेत दाखवायचं असेल तर पत्ता काल्पनिक घाल.

शेवंती_कर्वेरोड

काकू मुलाचा अभ्यास नाहीये हो, खरंच कॉफी हवीये 😀 पण मागणीपत्र-तक्रारपत्र हे पटलं.

ग्राहकराजा

एवढं नम्र का व्हायचं पण? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ही सरळसरळ सेवेतली त्रुटी आहे. पत्रात ठणकावून लिहा की दुप्पट पैसे आणि मानसिक त्रासाची भरपाई द्या नाहीतर ग्राहक आयोगात खेचीन. शिवाय सासऱ्यांना मधुमेह आहे ना, मग "जिवाशी खेळ" असं लिहा, वजन येतं पत्राला. अन्न सुरक्षावाल्यांकडे पण टाका एक तक्रार, बिलावर १४ आकडी लायसन नंबर असतो, तो घाला. सुतासारखे सरळ येतात.

चहाबाज_राजापूर

म्हणून सांगतो चहा प्या. चहा कधी कोमट येतो का? पातेल्यातून थेट कपात, बशीत ओतला तरी जीभ भाजते. या कॅपुचिनो प्रकाराला फेसाखाली गरमपणा असतो तरी का मुळात? मी दोनदाच प्यायलोय, दोन्ही वेळा कोमटच होती, मला वाटलं तशीच असते.

माजी_फ्लोअरवाला

मी बरीच वर्षं कॅफेत होतो, आधी बारच्या मागे मशीनवर, मग शिफ्ट इन्चार्ज, शेवटी मॅनेजर. आता ती लाईन सोडली. अशी पत्रं भरपूर वाचलीत त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी चहाबाज यांच्या मुद्द्याला, कारण त्यात तथ्य आहे. कॅपुचिनोचं दूध उकळत नाहीत. वाफेच्या नळीने ६० ते ६५ अंशांपर्यंत नेतात, ७० च्या वर गेलं की दुधाचा गोडवा जातो आणि जळकट वास येतो. त्यामुळे नीट केलेली कॅपुचिनो पण चहाच्या मानाने कमी गरमच लागते. नुसतं "कॉफी गरम नव्हती" लिहिलं की मॅनेजर मनात म्हणतो, ह्यांना चहाची सवय आहे, आणि कपाळाला हात लावून एक छापील सॉरी पाठवतो. म्हणून कोमट होती हे सांगताना वेळ सांगावी लागते. बिलावरची वेळ किती आणि पार्सल हातात आलं किती वाजता?

दुसरं, कपाच्या झाकणावर मार्करने काही लिहिलंय का बघा, असतील अजून कप तर.

शेवंती_कर्वेरोड

बिल ४:४६ चं. पार्सल ५:२२ ला आलं, सोसायटीच्या गेटवरच्या ॲपमध्ये एंट्री आहे त्यामुळे मिनिटाची खात्री. कप कचऱ्याच्या पिशवीत होते, काढले. एका झाकणावर "कॅप" आणि दुसऱ्यावर "मो" असं लिहिलंय! मो म्हणजे?

माजी_फ्लोअरवाला

मोका. चॉकलेट सॉस घातलेली कॉफी. म्हणजे सासऱ्यांना गोड लागलं ते बरोबर. आणि हा तुमचा सगळ्यात पक्का पुरावा आहे, त्या झाकणाचा फोटो काढून ठेवा, बिलाशेजारी ठेवून. बिलावर दोन कॅपुचिनो आणि झाकणावर मो, यावर कोणी वाद घालू शकत नाही.

हे मुद्दाम विचारलं कारण अर्धा तास उभी राहिलेली कॅपुचिनो आणि लाटे यांच्यात दिसायला फारसा फरक राहत नाही, फेस बसतो आणि खाली नुसतं दूध-कॉफी उरतं. लोक लिहितात "मला लाटे दिली", आम्ही तिकीट बघायचो तर कॅपुचिनोच केलेली असायची, आणि मग ग्राहक खोटं बोलतोय असा उगाच समज व्हायचा. तुमच्या बाबतीत चॉकलेट आहे त्यामुळे प्रश्नच नाही.

आता कोमट का झाली ते. तुम्ही एक वाक्य लिहिलंय ते फार कामाचं आहे, सँडविच छान गरम होतं. विचार करा, एकाच पिशवीतून, एकाच स्कूटरवरून आलेलं सँडविच गरम आणि कॉफी कोमट. म्हणजे रस्त्यात थंड झालेली नाही. ऑर्डर पडली की दोन तिकिटं निघतात, एक बारवर आणि एक किचनमध्ये, त्याला केओटी म्हणतात. बारवाला मोकळा असेल तर दोन कॉफ्या चार-पाच मिनिटांत करून झाकण लावून पार्सलच्या टेबलावर ठेवतो. किचनमध्ये शनिवारी संध्याकाळी ग्रिलवर आधीची सात-आठ सँडविचं असतात, तुमचं यायला पंचवीस मिनिटं. तोपर्यंत कॉफी टेबलावर उभी. मग दोन्ही एकत्र पिशवीत. बारवाल्याला वाटतं मी वेळेत दिली, किचनवाल्याला वाटतं मी गरम दिलं, दोघंही खरं बोलतात.

म्हणून पत्रात "हलगर्जीपणा" लिहू नका, त्याने नुसता राग येतो. लिहा की सँडविच गरम होतं आणि कॉफी कोमट होती. ज्याला काम कळतं तो मॅनेजर दुसऱ्या मिनिटाला ओळखेल कुठे घोळ झाला ते.

टोरांटोकर

मला कळलं नाही, इथे आम्ही सरळ काउंटरवर जातो, म्हणतो हे माझं नाही, ते विचारत पण नाहीत, नवीन करून देतात. पत्र वगैरे कोण लिहितं? दोन गल्ल्या सोडून आहे ना, कप घेऊन जायचं होतं.

शेवंती_कर्वेरोड

@टोरांटोकर बाहेर धो धो पाऊस, सासूबाईंच्या मैत्रिणी आलेल्या, आणि मी कोमट कॉफीचे दोन कप हातात घेऊन छत्री कशात धरू? शिवाय फोन केलाच की लगेच.

डेटावाला

मला हा प्रश्न सोडवेना म्हणून काल घरी करून बघितलं (बायको म्हणते रिकामटेकडा). कॅफेच्या कागदी कपात ६२ अंशांचं दूध-कॉफी, झाकण लावलेलं, खोलीत २७ अंश. अर्ध्या तासाने ४६-४७ झालं. झाकणाशिवाय ४० च्या खाली. म्हणजे ४:५० ला तयार झालेली कॉफी ५:२२ ला कोमट असणारच, फ्लोअरवाले म्हणतात ते जुळतंय. मोठा कप असेल तर थोडा फरक पडेल. आलेख पण काढलाय, कोणाला हवा असेल तर सांगा.

नुसता_वाचक

नको.

बारीक_दळण

मला यात वेगळीच काळजी वाटते. अशा पत्राने त्या काउंटरवरच्या पोराची नोकरी जाते. माझा भाचा पुण्यात अशाच ठिकाणी कामाला होता, चुकलेल्या ऑर्डरचे पैसे महिन्याच्या पगारातून कापायचे. बारा-बारा तास उभं राहायचं आणि वर कापाकापी. ३६० रुपयांच्या कॉफीसाठी कोणाच्या पोटावर पाय येणार असेल तर मी तर सोडून देईन.

ग्राहकराजा

@बारीक_दळण मग कायम कोमट प्या. ग्राहकाने सोडून दिलं म्हणूनच यांचं फावतं.

माजी_फ्लोअरवाला

@बारीक_दळण तुम्ही म्हणता ते होतं, मी पण पाहिलंय आणि ते चूक आहे. आमच्याकडे चुकलेल्या डिशची नोंद वेस्टेज वहीत जायची, पगारातून नाही, पण सगळीकडे तसं नसतं हे मान्य. त्यावर उपाय असा की पत्रात कोणाचं नाव, वर्णन, "तो चष्मेवाला मुलगा" असलं काही लिहायचं नाही. बिल नंबर आणि वेळ दिली की मॅनेजरला जे शोधायचं ते सिस्टीममध्ये सापडतं. आणि चांगलं झालं ते पण लिहा. कांदा-लसूण नको हे किचनने पाळलं ना? ते एका ओळीत लिहा. हे गोड बोलून गळ घालणं नाही, त्याने मॅनेजरला कळतं की फोनवरची सूचना तिकिटावर नीट चढली होती, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्याची चूक नाही, चूक बारवर झाली.

@ग्राहकराजा तुमचा कायद्याचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. सेवेतली त्रुटी ही कायद्यात आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी पण लागत नाही, आणि आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर फोन करता येतो. पण दुप्पट पैसे आपोआप मिळतात असं कायद्यात कुठे नाही, भरपाई आयोग ठरवतो आणि त्याला वेळ लागतो. लायसन नंबरचं म्हणाल तर ती तक्रार अन्न खराब असेल, झुरळ निघालं, शिळं होतं, अशासाठी. कॅपुचिनोच्या जागी मोका यासाठी नाही.

आणि "जिवाशी खेळ" तर अजिबात नको. का ते सांगतो. मॅनेजरच्या हातात दोन कॉफ्या फुकट देणं असतं. तो एनसी केओटी काढतो, म्हणजे बिल न लागणारं तिकीट, कारणात तुमचा जुना बिल नंबर टाकतो, विषय संपला. पण पत्रात आजार, भरपाई, वकील असले शब्द आले की त्याला स्वतः उत्तर द्यायची परवानगी नसते, ते वरच्या ऑफिसला जातं, तिथून "आपला अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा आहे" असं काहीतरी पंधरा दिवसांनी येतं. तुम्हाला कॉफी हवीये ना? मग त्याच्या हातात असलेलीच गोष्ट मागा.

ग्राहकराजा

हे वरच्या ऑफिसचं माहीत नव्हतं. तरी मी म्हणतो शुगरचा उल्लेख हवाच, नाहीतर त्यांना गांभीर्य कळणार नाही.

सुनंदा काकू

उल्लेख हवा पण साधा. "सासऱ्यांना साखर चालत नाही, म्हणून तो कप तसाच ठेवला" एवढंच. यात धमकीही नाही आणि कप भरलेला का राहिला तेही कळलं.

माजी_फ्लोअरवाला

काकू, नेमकं. तेच वाक्य.

कोल्हापुरी_वहिनी

आमच्याकडे गेल्या महिन्यात ॲपवरून बिर्याणी मागवली होती त्यात रायताच नव्हता, ॲपवर फोटो टाकला तर ४० रुपये वॉलेटमध्ये आले. शेवंतीताई तुम्ही पण ॲपवर हेल्प मध्ये जाऊन फोटो टाका ना, पत्राची काय गरज.

शेवंती_कर्वेरोड

वहिनी ॲप नाहीच यात, म्हणून तर पत्र. 

मला एक अडलंय. मागायचं नक्की काय? दोन्ही कॉफ्या का फक्त चुकलेली? कारण "कॅप" लिहिलेली होती ती बरोबरच होती, फक्त कोमट होती आणि ती मी निम्मी प्यायले पण. पैसे परत मागू का? आणि नवरा म्हणतोय मोका मेनूत २१० ची आहे आणि कॅपुचिनो १८० ची, म्हणजे त्यांनीच आपल्याला ३० रुपये जास्तीचं दिलंय 🙄

नुसता_वाचक

नवऱ्याला कॅफेत अकाउंटंट म्हणून ठेवा.

चहाबाज_राजापूर

निम्मी प्यायलात म्हणजे निम्मी मागा.

माजी_फ्लोअरवाला

पैसे परत मागितलेत तर मिळतीलही, पण बिल होऊन गेलंय, त्यावर ५ टक्के जीएसटी लागलाय, यूपीआयचे पैसे आलेत, ते उलटं फिरवायला बऱ्याच ठिकाणी मालकाला किंवा अकाउंटला विचारावं लागतं. कॉफी परत करून देणं त्याला सोपं, कारण त्याचा खरा खर्च कॉफी, दूध आणि कपाचा, तो मेनूतल्या किमतीच्या मानाने बराच कमी. म्हणून बदलून मागा.

दोन का एक, यावर माझं मत दोन. कोमटपणाचं कारण त्यांच्या टेबलावर आहे आणि तुमच्याकडे ४:४६ ते ५:२२ आहे. पण निम्मी प्यायलात हे लपवू नका, सरळ लिहा. लपवलं आणि नंतर निघालं की बाकीच्या खऱ्या गोष्टीपण संशयात येतात.

अजून एक. "परत गरम करून" नको असं स्पष्ट लिहा. काही ठिकाणी आलेला कप मायक्रोवेव्हमध्ये फिरवतात किंवा जगमध्ये ओतून पुन्हा वाफ देतात. एकदा फेसलेलं दूध दुसऱ्यांदा नीट फेसत नाही, पातळ लागतं, वास पण येतो. नवीन शॉट, नवीन दूध.

बारीक_दळण

मी एकच मागेन. निम्मी पिऊन पूर्ण मागायची हे मला नाही पटत. हॉटेलात निम्मी भाजी खाऊन परत पाठवतो का आपण?

डेटावाला

पहिल्या घोटाला कळतंच की कोमट आहे, मग निम्मी का प्यायलात हा प्रश्न येऊ शकतो.

शेवंती_कर्वेरोड

@डेटावाला कारण पाहुणे समोर बसलेले होते आणि मी हसत हसत पीत होते. यजमानीणबाईंचं असं असतं. आलेखात बसवा.

बरं हे बघा, परत लिहिलं:

*विषय: शनिवारची ऑर्डर, दोन कॉफ्या बदलून मिळाव्यात*

*नमस्कार,*

*शनिवारी संध्याकाळी मी फोनवरून दोन कॅपुचिनो आणि एक व्हेज ग्रिल्ड सँडविच (कांदा-लसूण नको) मागवलं होतं. बिल ४:४६ चं आहे, रक्कम ६०९ रुपये, यूपीआयने भरले आहेत. बिलाचा फोटो जोडला आहे.*

*पार्सल आमच्याकडे ५:२२ ला आलं. सँडविच सांगितल्याप्रमाणे होतं आणि चांगलं गरम होतं. दोन्ही कॉफ्या मात्र कोमट होत्या, आणि त्यातली एक कॅपुचिनो नसून मोका होती. तिच्या झाकणावर "मो" लिहिलेलं आहे, त्याचाही फोटो जोडला आहे. ती माझ्या सासऱ्यांसाठी होती, त्यांना साखर चालत नाही, त्यामुळे तो कप तसाच राहिला. दुसरी मी निम्मी प्यायले.*

*मी त्याच वेळी फोन केला होता, तेव्हा तुम्ही नव्हता म्हणून मेल करायला सांगितलं.*

*आम्ही तुमच्याकडून नेहमी मागवतो. दोन कॅपुचिनो नवीन करून (पुन्हा गरम करून नाही) पाठवता येतील का? या आठवड्यात कुठल्याही दिवशी संध्याकाळी पाच नंतर चालेल. कधी पाठवता ते कळवलंत तर बरं होईल.*

*आणखी एक सुचवते, सँडविच तयार होत आलं की मग कॉफी केली तर दोन्ही गरम येतील.*

*धन्यवाद.*

सुनंदा काकू

आता हे मागणीपत्र झालं. विषयात बिल नंबर घाल, नुसतं शनिवार म्हणून त्यांना कसं सापडणार? "कधी पाठवता" च्या जागी "कधी पाठवाल" कर. खाली नाव आणि फोन नंबर राहिलाय. बाकी छान.

ग्राहकराजा

मला अजून मिळमिळीत वाटतंय पण ठीक आहे. मुदत तरी घाला, "गुरुवारपर्यंत उत्तर द्यावे". नाहीतर मेल पडून राहतो.

माजी_फ्लोअरवाला

राजेसाहेबांचा हा मुद्दा योग्य आहे. मुदत घाला, फक्त "द्यावे" नको, "गुरुवारपर्यंत कळवलंत तर" असं. 

शेवटची सूचना मात्र मी काढून टाकेन. ती बरोबर आहे, पण पहिल्या पत्रात त्याला त्याचं काम शिकवल्यासारखं वाटतं. सँडविच गरम, कॉफी कोमट, हे वाचून त्याला कळेलच. बदली ऑर्डर द्यायला माणूस आला की तोंडी सांगा, किंवा पुढच्या वेळी फोनवर ऑर्डर देतानाच सांगा की सँडविच निघताना कॉफी करा. तिकिटावर ते सूचना म्हणून चढवता येतं. पाहिजे तर "जास्त गरम" असं पण सांगू शकता, मशीनवरचा मुलगा दूध ७० च्या जवळ नेतो, चव थोडी जाते पण दोन गल्ल्या टिकते.

टोरांटोकर

सूचना ठेवावी असं माझं मत. त्यांच्या भल्याचीच आहे.

चहाबाज_राजापूर

जास्त गरम सांगायची सोय होती हे आज कळलं. दोन वेळचे पैसे वाया गेले माझे.

अबोली_ठाणे

उशिरा आले धाग्यावर. कॉफी कोमट आली की मी त्यात घरी बर्फ टाकून कोल्ड कॉफी करते, मुलं खूश. असो. पण मला विचारायचंय की पाठवायचं कसं, मेल की व्हॉट्सॲप? आमच्या इथल्या कॅफेचा मेल आयडी कोणी उघडतच नाही बहुतेक.

माजी_फ्लोअरवाला

दोन्ही. मेल त्यांनी सांगितला म्हणून मेल, आणि ज्या नंबरवरून बिल आलं त्या व्हॉट्सॲपवर एक ओळ, "शनिवारच्या बिलाबद्दल मेल केलाय, बघाल का". तो फोन काउंटरवर असतो, शिफ्ट बदलताना कोणीतरी बघतंच. आणि कृपा करून आधी गुगलवर एक स्टार टाकून मग पत्र पाठवू नका. स्टार पडला की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो.

शेवंती_कर्वेरोड

पाठवलं काल रात्री. बिल नंबर, फोन, गुरुवार सगळं घातलं. सूचना काढली (सॉरी टोरांटोकर).

आज दुपारी उत्तर आलं. मॅनेजरचं नाव गाळून टाकते: "मॅडम, गैरसोयीबद्दल क्षमस्व. तिकीट बघितलं, दोन कॅपुचिनोच होत्या, शेजारच्या टेबलची मोका तुमच्या पिशवीत आली. त्या टेबलनेही तक्रार केली होती. मोकाच्या बदल्यात एक कॅपुचिनो उद्या साडेपाचला पाठवतो."

म्हणजे एकच. कोमटबद्दल एक अक्षर नाही. आता काय करू, परत लिहू का?

बारीक_दळण

एक मिळतेय, घ्या. शेजारच्या टेबलवाल्यांचा विचार करा, त्यांना बिनसाखरेची कॅपुचिनो मिळाली असेल चॉकलेटच्या जागी 😂

ग्राहकराजा

बघा! मिळमिळीत लिहिलं की निम्मंच मिळतं. आता १९१५.

डेटावाला

कोमटपणाचं उत्तर टाळलंय कारण ते त्याला सिद्ध पण करता येत नाही आणि नाकारता पण येत नाही. माझा आलेख जोडायचा का?

माजी_फ्लोअरवाला

१९१५ नको आणि आलेख पण नको. एकच ओळ उत्तरात: "धन्यवाद, उद्या साडेपाच चालेल. दुसरी कॅपुचिनो पण कोमट होती, बिल ४:४६ आणि पार्सल ५:२२, तेवढी तीही पाठवता येईल का?" वेळ परत लिहा, बाकी काही नाही. तो बिलावरची वेळ आणि मुलगा निघाला ती वेळ ताडून बघेल. दिली तर दिली. नाही दिली तर निम्मी प्यायलात हे कारण तो सांगेल आणि त्यात तो अगदीच चूक नसेल, त्याच्या जागी मी असतो तर दिली असती पण सगळे देत नाहीत.

सुनंदा काकू

"पण" आणि "तीही" दोन्ही आलं. "दुसरीही पाठवाल का?" पुरे.

शेवंती_कर्वेरोड

काकूंचं वाक्य पाठवलं. निळ्या टिका झाल्यात, उत्तर नाही अजून. उद्या साडेपाचला पाऊस सांगितलाय, सासरे म्हणतायत एक आली तर आधी ती माझी.

चहाबाज_राजापूर

आणि तुमच्यासाठी चहा टाका.